दोन हातांचा रक्तदाब वेगळा का येतो?

तुमच्या उजव्या हाताचा वरचा आकडा १४८ आणि डाव्याचा १२६ आला, तरी एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. नवखी मंडळी एक हात मोजून लगेच दुसरा मोजतात आणि तेवढ्यात दाब स्वतःच उतरलेला असतो. पाच मिनिटे शांत बसून, हात छातीच्या पातळीवर टेकवून, दोन्ही हात आलटून पालटून तीनदा मोजा.

दहापर्यंतचा फरक सर्रास आढळतो. पंधरा किंवा अधिक फरक वारंवार, त्याच बाजूला येत असेल, तर कमी आकड्याच्या हाताची धमनी अरुंद झाली असण्याची शक्यता डॉक्टरांकडून तपासून घ्या. पुढची मोजणी नेहमी जास्त आकड्याच्या हातावरच करावी. कमी आकड्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. फरकासोबत छातीत किंवा पाठीत अचानक तीव्र कळ आली, तर मोजत न बसता तत्काळ रुग्णालय गाठा.