तो तिथं नव्हता

प्रिय,
सप्रेम सलाम.

रविवारच्या उपदेशाचा सारांश देणारं तुझं पत्रक वाचलं आणि खालचा प्रश्नही: “एवढं लिहूनही न आलेले लोक म्हणतात, काही कळलं नाही. मजकूर कमी करू की वाढवू?” दोन्ही नको. आधी हे कुणासाठी लिहायचंय ते ठरव.

तू नऊ मुद्दे दिलेस. नऊही खरे आहेत, पण ते तुझ्या वहीतले आहेत. “कारागृह – कृतज्ञता – सामर्थ्य” एवढं वाचून मला उपदेश आठवतो, कारण मी समोर बसले होते. जो तापाने घरी पडला होता त्याला काय आठवणार? तो तिथं नव्हता. मुद्द्यांच्या मधलं “म्हणून” आणि “पण” पाळक आवाजाने सांगतात. कागदावर ते तुलाच लिहावं लागतं.

उपासना संपली की त्याच दुपारी, वही न उघडता, एकच वाक्य लिही: उताऱ्याने काय सांगितलं आणि ऐकणाऱ्याकडे काय मागितलं. या रविवारचा उतारा फिलिप्पैकरांस पत्र ४:१०–१३. माझं वाक्य असं झालं असतं: “पौलाचं समाधान मदत आली की नाही यावर टेकलेलं नव्हतं, ते तो शिकला, आणि शिकता येतं म्हणूनच ते आपल्याकडेही मागितलं आहे.” मग रेकॉर्डिंग ऐकून ते वाक्य तपास. चुकलं असेल तर वाक्य बदल, उपदेश नव्हे. पस्तीस मिनिटांत साधारण चार हजार शब्द बोलले जातात, पत्रकाच्या एका पानात साडेतीनशे मावतात. सगळ्यातलं थोडं थोडं घेतलंस की तुझ्यासारखे नऊ मुद्देच होतात. त्या वाक्याला धरून नसलेलं सगळं सोडून दे.

मी एकदा पाळकसाहेबांची सगळ्यात आवडती गोष्ट गाळली. सभागृहात लोक तिला हसले होते, पण ती मुद्द्याची नव्हती. ते महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. मी आजही म्हणते, माझंच बरोबर होतं. हां, गाळण्याआधी त्यांना विचारलं असतं तर बरं झालं असतं. तू विचार. छापण्याआधी मसुदा त्यांना दाखवायचाच, ते कितीही घाईत असले तरी.

आता पत्रकासोबत तू व्हॉट्सॲपवर टाकलेल्या त्या चित्राच्या कार्डाबद्दल. डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि त्यावर एकटं तेरावं वचन! मी रागावले, लपवत नाही. “मी सर्वकाही करू शकतो” हे एकटं वाचणाऱ्याला परीक्षा, नोकरी, शर्यत, काहीही सुचेल. बाराव्या वचनात पौल भूक आणि भरलेलं पोट, टंचाई आणि विपुलता यांबद्दल बोलतोय, तेही बंदिवासातून, फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीबद्दल लिहिताना. त्याचं “सर्वकाही” म्हणजे या सगळ्या अवस्थांत टिकणं. पाळकांनी वीस मिनिटं हेच समजावलं आणि आपल्या कार्डाने नेमकं उलटं सांगितलं. पाहणाऱ्याला ते कसं कळणार? तो तिथं नव्हता.

त्याऐवजी साधा मजकूर टाक. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला बहुधा ऐकू येत नाहीत. व्हॉट्सॲपवर लांब संदेशाची फक्त सुरुवातच दिसते, म्हणून “आजच्या उपदेशात पाळकांनी…” यात ती वाया घालवू नकोस:

“मदत आली नसती तरी पौल समाधानी असता का? तो म्हणतो, हो, कारण उपाशी राहणं आणि पोटभर खाणं दोन्ही तो शिकला होता. ‘मी सर्वकाही करू शकतो’ हे जिंकण्याबद्दल नाही, दोन्ही परिस्थितींत टिकण्याबद्दल आहे. फिलिप्पै ४:१०–१३ सलग वाचा. या आठवड्यात तुम्हाला कशाची टंचाई आहे, आणि तिच्यात तुम्ही काय शिकताय?”

एवढंच. याखाली पत्रक जोड.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. एका पाळकांनी उपदेशात उपहासाने म्हटलं होतं, “विश्वास पक्का असला की आजार येतच नाही, नाही का!” सगळे हसले, मग त्यांनी ते खोडून काढलं. मी घाईत खोडणं गाळलं आणि वाक्य तसंच छापलं. ते अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंनी वाचलं. त्यांना हसणं ऐकू आलं नव्हतं. तेव्हापासून उपहासाचं वाक्य दिसलं की मी त्याचा सरळ अर्थ लिहिते, नाहीतर ते काढून टाकते. आणि मंडळीतल्या कुणाचं आजारपण किंवा घरची अडचण व्यासपीठावरून सांगितली गेली, तर तीही लिहीत नाही. सभागृहातले लोक त्या माणसाला ओळखतात, पुढे पाठवलेला संदेश कुणाकडे जाईल ते कुणालाच माहीत नसतं.

तुझ्या पत्रकात चौथा मुद्दा मंडळीतल्या एका कुटुंबाच्या अडचणीचाच आहे. तो आज काढ, कार्डही खाली उतरव, आणि रात्रीपर्यंत मला तुझं ते एक वाक्य पाठव. माझं वाक्य उचलू नकोस, मी ओळखते.

तुझी ताई