कंबरदुखीला काथ्या, मेमरी फोम की लेटेक्स?

प्रश्न: वय ४२, कंबर थोडी दुखते. मुंबईत कोणती गादी घेऊ?

परवडत असेल तर मध्यम कडक लेटेक्स. दाबलं की लगेच वर येतं, त्यामुळे कूस बदलताना कंबरेला जोर लावावा लागत नाही. मेमरी फोम उबेने मऊ पडतो. इथल्या मे महिन्यात, नुसत्या पंख्याखाली, कुल्ले जास्तच रुततात. काथ्या हवेशीर, स्वस्त. पण आमच्या काथ्याच्या गादीला चार वर्षांत खळगा पडला: वर आडवी दोरी ताणली की मध्ये दोन बोटं जायची.

दुकानात दहा मिनिटं उताणे झोपून कंबरेखाली हात घाला. सहज आरपार गेला तर गादी फार कडक, शिरलाच नाही तर फार मऊ. कळ पायात उतरत असेल तर आधी डॉक्टर.