घरून जेवून गेलेली मुलगी

ताई,
मी 28 वर्षांची, पुण्यात नोकरी करते. वर्षभरापूर्वी घरच्यांनी स्थळ सुचवलं. आम्ही भेटलो, एकमेकांना आवडलो. आता घरचे मुहूर्ताचं बोलतायत. तो फार मिश्कील आहे. स्कूटर मी चालवते, तो मागे बसतो आणि म्हणतो, "तुझ्यामागे बसायचं तर आधी एलआयसी काढायला हवी." मी म्हणते, "काढ, नॉमिनी मला कर." यावर माझ्यापेक्षा तोच जास्त हसतो. पण मित्रांमध्ये तो मला बकासुर म्हणतो. मागच्या महिन्यात त्याच्या मित्राकडे पावभाजी होती. तिथे सगळ्यांकडे बघत म्हणाला, "हिच्यासाठी वेगळी लादी आणलीय ना?" सगळे हसले, मीही हसले. खरं तर मी घरून जेवून गेले होते, दोन पावही संपले नाहीत. आता त्या मित्राची बायकोसुद्धा 'बकासुर येतोय ना?' असा मेसेज टाकते. परवा मी त्याला "पुरे आता" म्हटलं, तर म्हणाला, "अगं, गंमत करतोय." मैत्रीण म्हणते, चिडवतो म्हणजे जीव आहे. माझंच चुकतंय का?
– विनोदबुद्धी कमी पडलेली

अगं मुली,

पावभाजीला निघताना घरून जेवून का गेलीस, ते तू लिहिलेलं नाहीस. 'खरं तर' म्हणून एका वाक्यात उरकलंस आणि पुढे गेलीस. मी मात्र तिथेच अडकले. ऑफिसातून येऊन तू पोळी-भाजी केलीस, कुणी बघत नाही अशा स्वयंपाकघरात पोट भरून घेतलंस, मग कपडे बदलून जेवणाच्या आमंत्रणाला गेलीस आणि तिथे पावाचे तुकडे चिवडत बसलीस. हे त्या दिवशी पहिल्यांदा झालेलं नाही, असं मी पैजेवर सांगते. पहिल्यांदा झालं असतं तर तुला त्याचं नवल वाटलं असतं आणि पत्राची सुरुवात तू तिथूनच केली असतीस.

आधी ती सही बदल. नॉमिनीचं उत्तर वाचून मी मोठ्याने हसले. ज्या मुलीला असं उत्तर सुचतं तिची विनोदबुद्धी शाबूत आहे.

आता त्या दोन थट्टा शेजारी-शेजारी ठेव. एलआयसीचं ऐकून तू स्कूटर हळू चालवायला लागलीस का? नाही. पुढच्या सिग्नलला जरा जास्तच जोरात सोडली असशील. बकासुर ऐकून मात्र तू जेवायची थांबलीस. थट्टा मायेची असली की जिच्यावर ती होते ती गोष्ट आपण आणखी मिरवतो, आणि टोचणारी असली की तीच गोष्ट लपवायला लागतो. शब्द किती कडक आहेत त्यावरून काही कळत नाही. एलआयसीचा विनोद तसा त्याच्या मरणावरचा आहे, तरी तुम्ही दोघं हसलात. आणि बकासुर तर आजीसुद्धा नातवाला म्हणते, पण म्हणता-म्हणता त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढते.

शिवाय स्कूटरवर ऐकायला तिसरं कुणी नसतं. तो बोलतो आणि तुझ्या उत्तराची वाट बघतो. उत्तर आलं नाही तर तो विनोद तिथेच पडेल. लादीच्या वेळी तो 'सगळ्यांकडे बघत' बोलला, हेही तूच लिहिलं आहेस. त्या वाक्यावर तू काय बोलणार होतीस? हो म्हटलं तरी हशा, नाही म्हटलं तरी हशा. तिथे तुझी पाळीच नव्हती. प्रेमाने चिडवणारा माणूस बोलून झाल्यावर आधी समोरच्याचा चेहरा बघतो, कारण जास्त झालं का ते तिथेच दिसतं. त्याने मित्रांचे चेहरे बघितले.

त्या मित्राच्या बायकोवर मी रागावणार नाही. थट्टेला परवानगी लागते आणि ती नात्यातून मिळते. आपल्याकडे दिराने वहिनीची टर उडवलेली चालते, सासऱ्याने सुनेची नाही. रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञाने 1940 साली अशा नात्यांवर लेख लिहिला होता: एकाला चिडवायची मुभा, आणि दुसऱ्याने राग मानायचा नाही हा रिवाज. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला ही मुभा तू दिलीस, मजेत दिलीस. त्याने ती तुला न विचारता मित्रमंडळात वाटून टाकली.

'चिडवतो म्हणजे जीव आहे' हे तर मला ऐकवत नाही. वेणी ओढणाऱ्या पोराची तक्रार घेऊन घरी आलेल्या मुलीला पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगून गप्प केलंय. मैत्रिणीला माझा नमस्कार सांग.

पण "गंमत करतोय" असं तो म्हणाला, तेव्हा तो खोटं बोलत होता असंही मला वाटत नाही. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली चिडवण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. चिडवणाऱ्याला आपली थट्टा जितकी निरुपद्रवी वाटते तितकी ती ऐकणाऱ्याला वाटत नाही, असं त्यांत दिसलं. चिडवणारा आपला हेतू धरून हिशेब करतो. ऐकणाऱ्याच्या हाती फक्त शब्द येतात. तुझ्या या माणसाला आतून स्वतःची माया ऐकू येत असेल, तुला ऐकू आली ती लादी. आणि त्याचा अंदाज चुकतोय हे त्याला कळायचं कसं? तू हसलीस ना. मग 'पुरे आता' म्हणालीस, तेही बहुधा हसत. थट्टेत सगळेच असं म्हणतात. त्याच्या दृष्टीने तू अजून काहीच बोललेली नाहीस. इथे मला तुझा राग येतो. वर्ष झालं, लग्नापर्यंत गोष्ट आली, आणि तू त्याच्यापासून जेवण लपवतेयस.

म्हणून एकच कर. या आठवड्यात त्याला एकट्याला भेट. स्कूटरवर नको, व्हॉट्सॲपवर नको, समोरासमोर. 'तुला राग येणार नसेल तर' वगैरे प्रस्तावना करू नकोस आणि कृपा करून हसू नकोस. फक्त एवढंच सांग: "तुझ्या मित्रांकडे येताना मी घरून जेवून येते." मग गप्प बस. तक्रार नको, बकासुराचं नावही नको, मित्राच्या बायकोचा मेसेजही दाखवू नकोस. शांतता पसरेल, ती तू भरायची नाहीस.

तो कदाचित गोंधळेल. 'का?' विचारेल, 'कधीपासून?' विचारेल. 'माझ्या मनात तसं काही नव्हतं' म्हणून थोडा वादही घालेल. तेवढा घालू दे, स्वतःबद्दल असं ऐकणं कुणालाच सोपं जात नाही. त्याचं खरं उत्तर पुढच्या बैठकीत मिळेल. नाव त्याने ठेवलंय, मागेही त्यानेच घ्यायचंय, मित्रांसमोर. कुणी बकासुर म्हटलं तर तुझ्याआधी तो बोलायला हवा. तसा बोलला तर एलआयसीचे हप्ते आयुष्यभर भरा.

पण तुझं वाक्य ऐकून तो म्हणाला, "म्हणजे दोनदा जेवतेस?", किंवा चार दिवसांनी हीच गोष्ट त्याच्या मित्रांच्या तोंडून किस्सा होऊन तुझ्या कानावर आली, तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस. त्याच रात्री वडिलांना फोन कर आणि मुहूर्त बघायचं थांबवा म्हणून सांग. कारण नंतर सावकाश सांगता येईल.