स्लिपवर ६८,४००, पासबुकात ६४,८००

प्रश्न : मी आमच्या महिला बचत गटाची खजिनदार आहे. गटाच्या बचत खात्यात मी ६८,४०० रुपये रोख भरले. काउंटरफॉइलवर बँकेचा शिक्का आणि कॅशिअरची सही आहे. आठ दिवसांनी पासबुक छापून घेतले तर जमा ६४,८०० दिसते. शाखेत म्हणतात, "रक्कम तेवढीच होती, जुनी स्लिप द्या आणि ६४,८०० ची नवी भरून सही करा." करू का? नाही केली तर ३,६०० रुपये माझ्या अंगावर येतील का?

उत्तर : नवी स्लिप भरू नका आणि मूळ काउंटरफॉइल कोणाच्याही हातात देऊ नका. दाखवायचे असेल तर झेरॉक्स द्या. शिक्क्याची शाई काळाच्या ओघात पुसट होत असल्याने मूळ कागदाचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो आजच काढून ठेवा. नव्या स्लिपवर सही केलीत की "मी ६४,८०० रुपयेच भरले" ही आपली लेखी कबुली तयार होते आणि आज बँकेवर असलेले स्पष्टीकरणाचे ओझे आपल्यावर येते. शिवाय त्या स्लिपची बँकेला गरजही नाही. चूक बँकेच्या नोंदीत असेल तर फरकाची रक्कम जमा करून ती दुरुस्त करता येते, त्यासाठी खातेदाराने मागील तारखेचा कागद नव्याने तयार करून द्यावा लागत नाही.

आता आकड्यांकडे पाहू. गटाच्या वहीत आपण नोटांचा तपशील लिहिला असेल. समजा तो ५०० च्या ११२, २०० च्या ४७ आणि १०० च्या ३० नोटा असा आहे. म्हणजे ५६,०००, ९,४०० आणि ३,०००, एकूण ६८,४००. नोटा मोजण्यात चूक झाली असती तर फरक बहुधा एखाद-दुसऱ्या नोटेचा, म्हणजे २००, ५०० किंवा १,००० असा आला असता. ३,६०० चा फरक पडायला ५०० च्या सात आणि १०० ची एक अशा आठ नोटा कमी निघायला हव्यात, किंवा २०० च्या अठरा. तसे घडणे अशक्य नाही, पण कॅशिअरने मोजताना एवढी तूट पाहिली असती तर त्याने आपल्याला तेथेच थांबवून स्लिपवरचा आकडा खोडून त्यावर आपली सही घेतली असती. दुसरीकडे, ६८,४०० मधील ८ आणि ४ यांची अदलाबदल केली की नेमके ६४,८०० होतात. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला नेहमी ९ ने पूर्ण भाग जातो, आणि ३,६०० ला तो जातो. हा पुरावा नव्हे, पण हिशेब तपासणारा माणूस आधी याच चुकीचा संशय घेतो.

संशय खरा की खोटा, हे बँकेच्याच कागदांवरून ठरेल. स्लिपचा मोठा अर्धा भाग बँकेकडे राहतो आणि नोटांचा तपशील सहसा त्यावरच असतो. तो आणि आपले काउंटरफॉइल शेजारी ठेवून तीन गोष्टी पाहायच्या : नोटांची बेरीज, आकड्यांतली रक्कम आणि अक्षरी रक्कम. तिन्ही ६८,४०० असतील आणि कोठे खाडाखोड नसेल तर चूक पुढे, संगणकात नोंद करताना झाली आहे. तसे असेल तर त्या दिवशी कॅशिअरच्या पेटीत ३,६०० रुपये जास्त निघायला हवेत. दिवसअखेरीस हातातली रोख आणि नोंदी जुळवाव्या लागतात, आणि जास्त निघालेली रोख साधारणपणे उचंत खात्यात, म्हणजे हिशेब लागेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात, जमा दाखवली जाते. म्हणून शाखेला खरा प्रश्न "माझे पैसे कुठे गेले" हा नसून "त्या दिवशी रोख जास्त निघाली होती का" हा विचारा. आणि समजा जास्त निघाली नाही, तरी आपला दावा बुडत नाही. कॅशिअरने दुसऱ्या कोणाला चुकून जास्त रक्कम दिली असेल तर तो बँकेच्या घरातला हिशेब आहे.

"त्यात नोटा बनावट होत्या" असे कारण आता पुढे आले तर ते टिकणार नाही. बनावट नोट सापडली की बँकेने ती शिक्का मारून जप्त करायची असते आणि भरणाऱ्याला तशी पावती द्यायची असते.

एक प्रश्न मात्र मला आपल्याला विचारावा लागेल : रोख आपण कॅश काउंटरवरच दिली ना? ओळखीच्या कर्मचाऱ्याकडे "जाता जाता भरून टाका" म्हणून दिली असेल तर प्रकरण वेगळे होते. स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध श्यामा देवी या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, ग्राहकाने ओळखीतून एका कर्मचाऱ्याकडे सोपवलेल्या रकमेसाठी बँकेला जबाबदार धरले नाही. काउंटरवर दिलेल्या रोखीला आणि शिक्का मारलेल्या काउंटरफॉइलला ही अडचण नाही.

पासबुकातली नोंद म्हणजे अंतिम शब्द, असा शाखेचा सूर असेल तर तो चुकीचा आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २८ नुसार हिशेबाच्या वह्यांमधील नोंदी पुराव्यात ग्राह्य असतात, पण केवळ त्यांच्या आधारे कोणावर दायित्व टाकता येत नाही. काउंटरफॉइलही निर्विवाद नसते, कारण सही बनावट आहे किंवा आकडा नंतर बदलला आहे असे बँक म्हणू शकते, पण मग ते तिला सिद्ध करावे लागेल.

गटाच्या अध्यक्षा आणि सचिव यांच्या सहीने शाखाधिकाऱ्यांना पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पत्रात भरण्याची तारीख, अंदाजे वेळ आणि काउंटर क्रमांक लिहा, बँकेकडील स्लिपची प्रत आणि त्या दिवशीच्या रोख जुळणीची माहिती मागा, आणि त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे असे स्वतंत्र वाक्यात लिहा. चित्रण काही काळाने आपोआप पुसले जाते, त्यामुळे या एका वाक्यासाठी तरी पत्र उद्याच गेले पाहिजे. ३,६०० रुपये मूळ भरण्याच्या तारखेपासूनच्या परिणामाने जमा करावेत, अशीही मागणी करा, कारण बचत खात्याचे व्याज रोजच्या शिलकीवर मोजले जाते.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनाशुल्क तक्रार करता येते. तेथे वकील करण्याची गरज नाही, किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार तेथे चालतच नाही. हे लिहिताना माझेच नुकसान होते, पण ३,६०० रुपयांसाठी वकिलाची फी भरणे तसेही शहाणपणाचे नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, त्याची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

आपल्या वैयक्तिक जबाबदारीबद्दल : गटाच्या वहीत ६४,८०० लिहून मोकळे होऊ नका. तसे केल्यास उरलेले ३,६०० आपल्याकडेच राहिले, असा वहीचा अर्थ होईल. पुढच्या बैठकीत काउंटरफॉइल सर्वांना दाखवा, "भरणा ६८,४००, बँकेकडे नोंद ६४,८००, फरक ३,६०० बँकेकडून येणे" अशी नोंद करा, बँकेला पत्र देण्याचा ठराव त्याखालीच लिहा आणि हजर सदस्यांच्या सह्या घ्या.