मुलीसाठी रायफल घेताय? आधी दस्ता मापात बसवा

ताई, लेक अकरा वर्षांची आहे, तर नवी रायफल लगेच घेऊ नका. ठाण्यातल्या ज्या रेंजवर ती जाते, तिथलीच एअर रायफल आधी तिच्या मापाची करून बघा.

ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे लेंग्थ ऑफ पुल. रायफल रिकामी असल्याची खात्री करा. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खळग्यात टेकवा. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचायला हवं. हा नुसता अंदाज, पण सुरुवातीला पुरतो. माप नेमबाजीचं जॅकेट घालूनच घ्या, त्या जाड कापडाने अंतर वाढतं. बहुतेक पालक नेमकं हेच विसरतात.

समजा माप ३३ सेंटिमीटर निघालं आणि मुलगी मान पुढे ताणून दुर्बीण बघावी तशी डोकावतेय, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतच नाहीये. मग दस्त्याच्या मागच्या टोकाची बट प्लेट आत सरकवा, ३० च्या आसपास आणा. गाल टेकायचा चीक पीस त्यानंतरच हलवा, कारण लांबी बदलली की गालाची जागाही बदलते. आता डोळे मिटून रायफल धरायला सांगा. उघडल्यावर नजर आपसूक साइटमधून गेली तर जमलं. नाक मागच्या साइटला लागायला आलं तर जास्तच आखूड झालंय.

वजनाचं म्हणाल तर स्पर्धेत ५.५ किलोपर्यंत चालतं, पण ती मर्यादा आहे, सक्ती नव्हे. पुढची जादा वजनं काढून टाका. तरी हात थरथरला तर ज्युनियर मॉडेल शोधा. आणि दर काही महिन्यांनी पुन्हा मोजा, पोरं वाढतात.