व्होडाफोन आयडिया ७ रुपयांना ‘स्वस्त’ आहे का?

२०२५ मधला प्रश्न : माझं वय ४४, सांगलीत नोकरी. व्होडाफोन आयडियाची मार्केट कॅप ७६ हजार कोटी आहे आणि एअरटेलची ११ लाख कोटी. ग्राहक मात्र व्होडाफोनकडे जवळजवळ २० कोटी आणि एअरटेलकडे साधारण ३६ कोटी. ग्राहक निम्म्याहून जास्त आणि किंमत चौदा पट कमी, म्हणजे व्होडाफोन खूपच स्वस्त आहे ना? वर्षाला १२ हजार फी घेणाऱ्या टेलिग्राम ग्रुपने दोन वर्षांत ५० रुपयांचं टार्गेट दिलं आहे. १ लाख शेअर ७ रुपयांनी घ्यायचे आहेत. त्यासाठी घरकर्जावर ७ लाखांचा टॉप-अप मंजूर झाला आहे (९.२५ टक्के, १० वर्षं). मुलगी २०२७ मध्ये बारावी होईल, तेव्हा विकून तिच्या फीची सोय करीन. एकदम घेऊ की टप्प्याटप्प्याने?

उत्तर : एकदमही नको आणि टप्प्याटप्प्यानेही नको. टॉप-अपकडे मी शेवटी येतो, कारण ‘स्वस्त’ हा शब्द तुम्ही कुठून आणलात ते आधी बघायला हवं. पुढची सगळी चूक त्याच शब्दातून निघाली आहे.

जमीन घेताना आपण सातबारावरचा बोजा बघतो. एक शेत १० लाखांना मिळतंय, पण इतर हक्कांत सोसायटीचा ४० लाखांचा बोजा आहे. शेजारचं तेवढंच शेत ४५ लाखांना आहे आणि सातबारा कोरा आहे. पहिलं शेत स्वस्त आहे असं सांगलीत कोणी म्हणणार नाही, कारण ते खरं तर ५० लाखांना पडतं. मार्केट कॅप म्हणजे नुसते ते १० लाख. बोजा मिळवला आणि कंपनीच्या गल्ल्यात पडलेली रोकड वजा केली की जो आकडा येतो, ती एंटरप्राइज व्हॅल्यू. सगळा धंदा सगळ्या देण्यांसकट विकत घ्यायचा तर किती पडेल, हे तो आकडा सांगतो. दोन कंपन्यांवरचं कर्ज सारखंच हलकं असेल तर मार्केट कॅपवर तुलना करूनही फारसं बिघडत नाही. एकीवर डोंगर असेल तर ती तुलना निरर्थक होते.

आता डोंगर मोजू. आकडे ३१ मार्च २०२५ अखेरचे, ढोबळ. व्होडाफोन आयडियाचे शेअर आहेत, एप्रिल २०२५ मध्ये सरकारला दिलेले धरून, सुमारे १०,८३४ कोटी. गुणिले ७ रुपये म्हणजे तुमचे ७६ हजार कोटी, ते बरोबर आहेत. सरकारचं देणं, म्हणजे स्पेक्ट्रमचे हप्ते आणि एजीआरची, म्हणजे महसुलातल्या सरकारी वाट्याची, थकबाकी मिळून, सुमारे १ लाख ९५ हजार कोटी. बँकांचं कर्ज २,३०० कोटी आणि हातात रोकड ९,९०० कोटी. बेरीज-वजाबाकी केली की निव्वळ देणं १ लाख ८७ हजार कोटी, आणि एंटरप्राइज व्हॅल्यू २ लाख ६३ हजार कोटी. तुम्ही ७६ हजार कोटींची म्हणून जी कंपनी बघत होतात, ती इतक्याला पडते.

इथे बरेच जण फसतात. ‘बँकांचं कर्ज जवळपास फिटलं’ ही बातमी खरी असते, आणि ती वाचून कंपनी कर्जमुक्त होत चालली असं वाटतं. पण देणं बँकेचं असो की दूरसंचार खात्याचं, भागधारकाच्या आधी तेच फेडावं लागतं. म्हणून ताळेबंद बघताना नुसत्या बँक कर्जावर थांबू नका. लांबणीवर टाकलेली सरकारी देणीही शोधून मिळवा.

हे २ लाख ६३ हजार कोटी महाग की स्वस्त, ते कमाईशी ताडून बघावं लागतं. व्याज, कर आणि घसारा वजा जाण्याआधीची कमाई म्हणजे एबिटडा. कंपनीने २०२४-२५ साठी दोन आकडे दिले आहेत : सुमारे १८,१०० कोटी आणि रोख एबिटडा सुमारे ९,२०० कोटी. फरक मुख्यतः टॉवरच्या भाड्यासारख्या लीजच्या रकमांचा आहे. आताच्या लेखापद्धतीत लीजचं भाडं एबिटडाआधीच्या खर्चात दिसत नाही, ते देणं म्हणून ताळेबंदात जातं. मोठा आकडा घ्यायचा असेल तर लीजचं देणंही बोजात धरायला हवं. मी ते धरलेलं नाही, म्हणून रोख आकडा घेतो. २ लाख ६३ हजार भागिले ९,२०० म्हणजे २८ पटीपेक्षा जास्त.

एअरटेलचं असंच करू. मार्केट कॅप ११ लाख कोटी. निव्वळ देणं लीजसकट २ लाख कोटींच्या आसपास. आफ्रिका, हेक्साकॉम आणि इंडस टॉवर्समध्ये इतरांचा जो हिस्सा आहे, त्यासाठी आणखी लाखभर कोटी. तो मिळवावाच लागतो, कारण त्या कंपन्यांची पूर्ण कमाई एअरटेलच्या एबिटडात धरलेली असते. एकूण १४ लाख कोटी. एबिटडा ९३ हजार कोटींच्या आसपास, लीज दोन्हीकडे धरलेलं. म्हणजे १५ पट. तुमची चौदा पट ‘स्वस्त’ कंपनी कमाईच्या हिशेबाने जवळजवळ दुप्पट महाग निघाली. ग्राहकसंख्येने तुम्हाला फसवलं त्याचं कारणही साधं आहे : एका ग्राहकामागे महिन्याला एअरटेलला २४५ रुपये मिळत होते, व्होडाफोनला १७५.

व्होडाफोनला एअरटेलचाच १५ पटीचा भाव लावून बघा. ९,२०० गुणिले १५ म्हणजे १ लाख ३८ हजार कोटी. निव्वळ देणं १ लाख ८७ हजार कोटी. भागधारकाच्या वाट्याला शून्य. मग बाजार ७ रुपये तरी का देतो? दर वाढतील आणि सरकार आणखी सवलत देईल, या आशेची ती किंमत आहे. ही आशा वेडगळ नाही, पण ५० रुपयांचं टार्गेट देणाऱ्याने तिचा हिशेब केलेला दिसत नाही. तो आपण करू. सरकारने ५० हजार कोटी माफ केले आणि धंद्याची किंमत तीच राहिली, तर शेअरमागे साधारण साडेचार रुपयांची भर पडते. देणं संपूर्ण माफ झालं, एक रुपयाही उरला नाही, तरी २ लाख ६३ हजार कोटी भागिले १०,८३४ कोटी शेअर म्हणजे २४ रुपये. पन्नास नाही.

पन्नासला शेअर गेला तर मार्केट कॅप ५ लाख ४२ हजार कोटी होईल, आणि देणं धरून धंद्याची किंमत ७ लाख ३० हजार कोटींच्या आसपास जाईल. १५ पटीच्या भावाने त्याला एबिटडा लागेल ४८ हजार कोटी. कंपनीची वर्षाची संपूर्ण विक्रीच ४३,६०० कोटी आहे. म्हणजे आजच्या विक्रीपेक्षाही जास्त कमाई खर्च भागवून उरायला हवी, तीही दोन वर्षांत. हे टार्गेट विकून लोकांकडून १२ हजार घेणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांच्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. रिसर्च ॲनालिस्टचा क्रमांक INH ने सुरू होतो, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून बघता येतो. क्रमांक देता आला नाही तर तिथून बाहेर पडा.

जुना भाव परत येईल ही आशाही सोडा. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने ३६,९५० कोटींच्या देण्याऐवजी दहा रुपये दराने ३,६९५ कोटी शेअर घेतले आणि सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या आसपास गेला. शेअर ७,१३९ कोटींवरून १०,८३४ कोटी झाले. ७ रुपयांच्या भावाने मार्केट कॅप ५० हजारांवरून ७६ हजार कोटींवर गेली, पण धंद्यात एकही टॉवर वाढला नाही. मार्केट कॅप बघणाऱ्याला कंपनी दीडपट झाली असं वाटेल. एंटरप्राइज व्हॅल्यू बघणाऱ्याला दिसेल की बोजाचा एक भाग फक्त शेअरच्या रकान्यात सरकला. आता जो नफा होईल तो दीडपट शेअरांत वाटला जाणार.

आणि चढ-उतार. २६३ पैकी फक्त ७६ हिस्सा भागधारकांचा आहे. धंद्याची किंमत १० टक्के वाढली तर देणं तेवढंच राहतं, त्यामुळे शेअर ३५ टक्के वाढायला हवा. ग्रुपवर दाखवतात ते हेच. पण धंद्याची किंमत २९ टक्के पडली की हिशेबाने भागधारकाचं काही उरत नाही. कागदावरची भीती नाही ही. दिवाळखोरी प्रक्रियेनंतर २०२१ मध्ये डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे शेअर शून्य किमतीला रद्द झाले, तिला कर्ज देणाऱ्यांनाच पूर्ण पैसे मिळाले नव्हते. (मात्र बँका आणि वित्तकंपन्यांना एंटरप्राइज व्हॅल्यूची पट्टी लावू नका. त्यांच्याकडे कर्ज हा कच्चा माल असतो.)

आता टॉप-अप. कर्जात बुडालेल्या कंपनीचा शेअर तुम्ही कर्ज काढून घेताय, म्हणजे बोजावर बोजा. ७ लाखांचा हप्ता सुमारे ८,९६० रुपये. दोन वर्षांत २ लाख १५ हजार भराल आणि तरी ६ लाख ६ हजार शिल्लक राहतील. म्हणजे २०२७ मध्ये शेअर ८ रुपये २० पैशांवर असेल तेव्हा तुम्ही जिथे होता तिथे परत याल, फीसाठी एक रुपयाही न उरता. शेअर ४ वर असेल तर विकून ४ लाख येतील, बँकेचं २ लाखांवर देणं उरेल आणि तारण असेल राहतं घर. शिवाय टॉप-अप देताना बहुतेक बँका पैसे सट्ट्यासाठी किंवा शेअरसाठी वापरणार नाही असं लिहून घेतात. मंजुरीपत्रावरची ती अट वाचा.

मुलीची फी दोन वर्षांवर आली आहे. एवढ्या मुदतीच्या पैशाला शेअर नको, चांगली कंपनी असली तरी नको. जो हप्ता बँकेला द्यायला तुम्ही तयार होतात, ते ८,९६० रुपये दर महिन्याला बँकेच्या आवर्ती ठेवीत टाका. साडेसहा टक्के व्याज धरलं तर दोन वर्षांत सुमारे २ लाख ३० हजार होतात. तेवढ्याने भागलं नाही तर उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज आहे. त्याचे हप्ते सहसा शिक्षण संपल्यावर सुरू होतात आणि छोट्या रकमेला घर तारण लागत नाही.

एवढं वाचूनही व्होडाफोन हवाच असेल तर स्वतःच्या बचतीतले २० हजार घाला, पूर्ण गेले तरी घरात कुणाला कळणार नाहीत इतकेच. टॉप-अपची रक्कम अजून खात्यात आलेली नसेल, तर ती उचलायची नाही असं शाखेला लेखी कळवा आणि पोच घ्या. प्रोसेसिंग फी गेली तर जाऊ द्या.