‘जनरेटरकडे’ की ‘उगमाकडे जाताना’?

“स्मिथ चार्टच्या कडेला ‘वेव्हलेंग्थ्स टोवर्ड जनरेटर’ छापलेलं असतं. ‘जनरेटरकडे’ लिहिलं की आमच्या पॉलिटेक्निकच्या पोरांना लग्नातला डिझेल जनरेटर आठवते. मराठीत काय लिहू?” – एक शिक्षक, वरूड

सर, डिझेलपेक्षा जास्त घोटाळा ‘-कडे’ करतो. ‘मोर्शीकडे पाऊस आहे’ म्हणजे तिथे, आणि ‘मोर्शीकडे निघालो’ म्हणजे त्या दिशेने. स्मिथ चार्ट म्हणजे केबलवर कुठे किती ओहम दिसतील ते काढायचा गोल आलेख, आणि त्यावरचा जनरेटर म्हणजे सिग्नलचा उगम. तिथे फक्त दुसरा अर्थ हवा, म्हणून मी ‘तरंगलांबी, उगमाकडे जाताना’ असं लिहीन. उलट्या मोजपट्टीला ‘भाराकडे जाताना’. भारनियमनामुळे ‘भार’ गावात कोणाला समजवावा लागत नाही. शेतातल्या मोटारीपासून तार धरून डीपीकडे चालत जावं, तसं हे जाणं.

शब्दात ‘जाताना’ का हवं, ते आकड्यांत दिसतं. 50 ओहमच्या केबलला 100 + j50 ओहमचा भार जोडलाय. पन्नासने भागलं की 2 + j1. हा बिंदू चार्टच्या वरच्या अर्ध्या भागात येतो, आणि मध्यापासून त्यातून ओढलेली रेघ कडेच्या पट्टीवर 0.213 दाखवते. मध्याभोवती तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काढून उगमाकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांसारखं फिरा. 0.25 वर आडवी रेघ लागते. तिथे 2.62, म्हणजे सुमारे 131 ओहम, निव्वळ रोध. चाल झाली 0.037 तरंगलांबी. 145 मेगाहर्ट्झला, 0.66 वेगगुणकाच्या केबलमध्ये, जेमतेम 5 सेंटिमीटर. तिथे 81 ओहमचा पाव तरंगलांबीचा तुकडा लावला की 50 ओहमशी जुळतं.

पोरगं उलटं फिरलं, तर त्याला आधी डावीकडची आडवी रेघ लागते. 0.213 तरंगलांबीवर, म्हणजे 29 सेंटिमीटरवर, 19 ओहम मिळेल असं ते वहीत लिहून मोकळं होतं. खऱ्या केबलवर मात्र भारापासून उगमाकडेच जाता येतं. तिथे 29 सेंटिमीटरवर व्हीएनए हे मोजयंत्र सुमारे 23 – j21 ओहम दाखवतं. जिथे निव्वळ रोध हवा होता तिथे j चा आकडा उरला, की दिशा चुकली असं समजा. एसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि भार किती जुळत नाहीत ते सांगणारा आकडा, पाहून मात्र ही चूक पकडता येत नाही, तो दोन्हीकडे 2.6 च राहतो.

दिशेसाठी मी पोरांना देवळातली प्रदक्षिणा सांगतो: उगमाकडे जाताना प्रदक्षिणा, भाराकडे येताना उलटी. फक्त एक फेरी म्हणजे अर्धी तरंगलांबी, पूर्ण नव्हे, कारण परतलेली लाट तेच अंतर जाताना आणि येताना असं दोनदा कापते. आणि हे वर्तुळ नुकसान नसलेल्या केबलचं. लांब केबलमध्ये बिंदू फिरता फिरता मध्याकडे सरकत जातो. (या ‘मध्याकडे’त पुन्हा तोच ‘-कडे’ आला, पण इथे ‘सरकत’ त्याला सांभाळून घेतो.)